एसीएलनंतरचे नऊ महिने: कबड्डी खेळणाऱ्या मुलीला संघात कसं ठेवायचं

प्रश्न: मुलगी १५ वर्षांची, दहावीत. पंचवटीतल्या एका मंडळाकडून कबड्डी खेळते, लेफ्ट कॉर्नर. अँकल होल्ड घालताना उजवा गुडघा फिरला, आतला एसीएल हा अस्थिबंध तुटला. १४ जूनला शस्त्रक्रिया झाली, आता पाच आठवडे झाले. डॉक्टर कमीत कमी नऊ महिने म्हणतात. सर म्हणाले, "बरी झालीस की ये." तेव्हापासून ती मैदानाकडे फिरकली नाही, संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला, मैत्रिणींचे फोन उचलत नाही. व्यायाम करते, पण कसनुसा. ऑगस्टमध्ये शालेय स्पर्धा सुरू होतील. तिला जबरदस्तीने मैदानावर न्यावं का?

उत्तर:

जबरदस्तीने नको, पण "तिला वाटेल तेव्हा जाईल" असंही सोडू नका. सरांचं वाक्य प्रेमाचंच आहे, तरी तिच्या कानाला ते "तोवर तुझं इथे काम नाही" असं लागलं असणार. म्हणून आधी सरांना भेटा आणि एकच मागणी करा. तिला नुसतं बघायला बोलावू नका, काम द्या, आणि ते काम संघाला खरोखर लागणारं असू द्या.

इथे बहुतेक ठिकाणी चूक होते. दुखापत झालेल्या मुलीला पाण्याच्या बाटल्या भरायला, बॅगा सांभाळायला नाहीतर गुणफलक उलटायला बसवतात. दोन आठवड्यांत तिला कळतं की ही सोय आहे, हे काम कोणीही करू शकतं. मग ती पोट दुखतंय, क्लास आहे अशी कारणं काढू लागते. कॉर्नरच्या खेळाडूकडे मात्र एक गोष्ट आधीपासून असते: समोरची चढाईपटू पाय कसा टाकते, हे वाचणारी नजर. ती वापरा.

चढाईची वही हा त्याचा सगळ्यात सोपा प्रकार. साधी दोनशे पानी वही आणि एका चढाईला एक ओळ. चढाईपटूचा क्रमांक, कोणत्या बाजूने शिरली, काय केलं (बोनसचा प्रयत्न, हात, पाय की नुसती फेरी), आणि निकाल काय, एवढे चारच रकाने. मुलींच्या सामन्यात १५ मिनिटांचे दोन डाव असतात आणि चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची, म्हणजे कमीत कमी ६० चढाया धरा. तिने फक्त समोरच्या संघाच्याच लिहायच्या, त्यामुळे ३० ते ४० ओळी होतात आणि हात पुरतो. पहिल्या आठवड्यात सरावातच फक्त बाजू लिहू द्या. तिला झेपलं की मग बाकीचे रकाने. सुरुवातीलाच सगळं लिहायला लावलं तर निम्म्या चढाया निसटतात आणि "मला हेही जमत नाही" हे नवं दुखणं सुरू होतं.

वहीचा उपयोग लगेच झाला पाहिजे, नाहीतर ती शाळेचा गृहपाठ होऊन बसते. समजा पहिल्या डावात ७ क्रमांकाच्या मुलीच्या नऊ चढाया झाल्या. त्यांतल्या सहा तुमच्या संघाच्या लेफ्ट कॉर्नरच्या बाजूने आल्या आणि चारदा तिने बोनससाठी पाय टाकला. मध्यंतराच्या पाच मिनिटांत तुमच्या मुलीने इतकंच सांगायचं: "सात नंबर आपल्या डाव्या कोपऱ्यात येते, बोनसला पाय लांब टाकते, तेव्हा तिचं वजन पुढे असतं." दोन वाक्यं, त्याहून जास्त नाही. पुढच्या डावात त्या पायावर पकड बसली की तिला वेगळी शाबासकी द्यावी लागत नाही.

हे वाक्य ती जिला सांगणार ती तिच्या जागी आलेली मुलगी असेल. तुमच्या घरात जे बोललं जात नसेल ते बहुधा हेच आहे. जागा गेल्याचं दुःख आणि मैत्रिणीवरचा राग या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि जागेवर आलेल्या मुलीलाही अपराधी वाटत असतं, म्हणून तीही फोन करत नाही. सरांनी दोघींना समोर बसवून स्पष्ट बोलावं: या हंगामात कॉर्नर ही खेळेल, तू तिला चढाया वाचायला शिकवशील, आणि तू परत आलीस की जागा सरावातल्या खेळावर ठरेल. "तुझी जागा राखून ठेवली आहे" असं वचन देऊ नये. मुलींना ते खोटं आहे हे कळतं, आणि दुसरीवर तो अन्यायही आहे.

एक पथ्य मात्र कडक पाळायचं. वही समोरच्या संघाची. आपल्या मुलींच्या चुका तिने लिहायच्या नाहीत, सरांना सांगायच्या तर मुळीच नाहीत. तसं झालं की आठवड्याभरात ती "सरांची माणूस" ठरते आणि आत्ता आहे त्यापेक्षा एकटी पडते.

किती दिवस जायचं? आठवड्यातून दोन सराव, तेही ठरलेल्या वारी. रोज बसून बघणं बहुतेक मुलींना सोसत नाही, आणि अधूनमधून मनाला येईल तेव्हा गेलं तर ती पाहुणी होते. संघ वॉर्मअप करतो त्या वीस मिनिटांत तिने फिजिओने दिलेले व्यायाम तिथेच करावेत. मांडीचे स्नायू आवळणं, पाय सरळ उचलणं, जे त्या आठवड्याला नेमून दिलं असेल तेच. घरच्या पलंगावर कसनुसा होणारा व्यायाम पाच जणींच्या शेजारी नीट होतो. दमाचा सरावही तिने सगळ्यांबरोबर करावा: एका श्वासात स्पष्ट, मोठ्याने "कबड्डी कबड्डी". त्याला गुडघा लागत नाही, आणि खुर्चीवर बसूनही त्यात ती इतरांच्या पुढे राहू शकते.

बसण्याची जागा नीट निवडा. पकडीत चार-पाच जणी एकदम मैदानाबाहेर कोसळतात, म्हणून खुर्ची रेषेपासून चांगली तीन-चार मीटर लांब हवी, आणि कोपऱ्याच्या सरळ रेषेत नको. सध्या नाशिकला पाऊस आहे, मातीचं मैदान निसरडं असतं. पाऊस पडून गेलेल्या दिवशी तिने मैदानात पाय ठेवू नये. त्या दिवशी सरांनी सामन्याचा व्हिडिओ पाठवावा आणि वही घरी भरावी. तिच्या दुखापतीचा व्हिडिओ मात्र सगळ्यांच्या फोनमधून काढून टाकायला सांगा. असे व्हिडिओ ग्रुपवर पुन्हा पुन्हा फिरतात.

ग्रुपमध्ये परत ये असा आग्रह नको. ती, नवी कॉर्नर आणि कर्णधार अशा तिघींचा वेगळा ग्रुप पुरतो. "लवकर बरी हो" या निरोपाला उत्तर देण्यासारखं काही नसतं. "उद्याच्या संघाची चढाईपटू उजवीकडून येते का गं?" याला असतं.

शालेय स्पर्धेबद्दल. या वर्षीची गेली, हे सरळ सांगा. पण शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात. तिची जन्मतारीख घेऊन सरांबरोबर बसा आणि पुढच्या वर्षी ती कोणत्या गटात बसते ते कागदावर काढा. "माझी शेवटची संधी गेली" हे या वयात मनात घट्ट बसतं, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत ते खरं नाही.

आता तारखेचा प्रश्न. १४ जूनपासून नऊ महिने म्हणजे १४ मार्च, ऐन दहावीच्या परीक्षेचे दिवस. ही तारीख भिंतीवर लिहू नका. नऊ महिने ही किमान मुदत आहे. नव्या अस्थिबंधाला रुजायला वेळ लागतो आणि पहिल्या तीन महिन्यांत, गुडघा दुखायचा थांबलेला असताना, तो उलट नाजूक असतो. परतण्याबाबतचा एक अभ्यास सांगतो की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका पुढे ढकलावा, तितका गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचा दर महिन्यागणिक जवळपास निम्मा होत जातो. म्हणून तारखेऐवजी अटी लिहा: सूज नाही, दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी, एका पायावरच्या उडीत दुखऱ्या पायाचं अंतर चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के. मोजमाप फिजिओ करतील. आकडे तिच्याच वहीच्या मागच्या पानावर, तिच्याच अक्षरात असू द्या. महिन्याला एकदा पुरे.

सगळ्यात अवघड काळ तिसऱ्या ते सहाव्या महिन्यातला असतो, हे आत्ताच ध्यानात ठेवा. चालणं नीट, दुखत नाही, लोक विचारायचे थांबलेले, आणि खेळ अजून लांब. याच काळात मुली गुपचूप गल्लीत एखादी चढाई करून बघतात. ऑक्टोबरमध्ये तिच्या कामात भर घाला. लहान मुलींच्या सरावात कोपऱ्यातली उभं राहण्याची जागा आणि साखळीचा हात कसा धरायचा हे तिने शिकवावं, स्वतः पकड न घालता.

डॉक्टर आणि फिजिओंनी परवानगी दिली म्हणजे भीती गेली असं नाही. तुमच्या मुलीची भीती नेमकी असणार: पाय रोवलेला, अंग वळलेलं, आणि चढाईपटू ओढते आहे. तिथपर्यंत पायऱ्यांनी जायचं. आधी चढाईपटू निम्म्या वेगाने येईल आणि ही फक्त पायांची हालचाल करेल, स्पर्श नाही. मग जागेवर उभ्या असलेल्या मुलीचा घोटा धरणं. मग चालत येणारी, कोणत्या बाजूने येणार ते आधी सांगून. मग न सांगता. त्यानंतर पूर्ण वेगाच्या चार चढाया, आणि त्या निभावल्या की दहा मिनिटांचा सराव सामना. प्रत्येक पायरीआधी आणि नंतर तिने भीतीला शून्य ते दहात एक आकडा द्यायचा. सलग दोन सरावांत तीन किंवा कमी आला की पुढची पायरी. हा वैद्यकीय नियम नाही, कामचलाऊ माप आहे. खेळात परतायला मनाची तयारी किती आहे हे मोजणारी, एसीएल-आरएसआय नावाची बारा प्रश्नांची प्रश्नावली फिजिओंकडे असेल तर तीही भरून घ्या.

पहिल्याच दिवशी तिने शून्य लिहिलं तर खूश होऊ नका. खेळायला मिळावं म्हणून मुली भीती लपवतात. तिचे पाय बघा. ती उजवा पाय मागे ठेवून फक्त हाताने पकडायला जाते का, ऐन वेळी अर्धं पाऊल मागे येते का? तसं दिसलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला, तर एक पायरी खाली.

आणि एक गोष्ट यापेक्षा आधी बघायची. झोप उडणं, जेवण सुटणं, अभ्यासातून मन पूर्ण निघणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर समुपदेशकाकडे न्या. "मी कोणाच्याच कामाची नाही", "मी नसलेलीच बरी" असं ती एकदा जरी म्हणाली, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

परत उतरण्याच्या महिनाभर आधी तिने वही दुसऱ्या एखाद्या मुलीला शिकवायला घ्यावी, दोन सामने शेजारी बसवून. तिच्या पहिल्या सामन्यात बाहेरून ७ क्रमांकाचा पाय वाचून सांगणारं कोणीतरी लागेलच.