शिक्का खरेदीला नाही, परत येण्याला

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझी वही वाचली. सांगलीत खणभागातल्या आपल्या किराणा दुकानासाठी पॉइंटचं ॲप घ्यावं, शिक्के भरले की बक्षीस देणारं कार्ड काढावं की समोरच्या दुकानासारखी सरळ पाच टक्के सवलतीची पाटी लावावी, असे तीन रकाने तू आखलेस आणि तिन्हींत "गिऱ्हाईक खूश" असं लिहिलंस. खूश गिऱ्हाईक उद्या समोरच्याकडंही जातं. आपल्याला हवंय ते परत येणारं गिऱ्हाईक. बक्षीस द्यायचं ते परत येण्याला, खरेदीला नव्हे. मी हे आयुष्यभर बोलत आलो, पेठेत लोकांनी मला चिकट म्हटलं, तरी मी सवलतीची पाटी लावली नाही. का नाही लावली, ते आता तुझ्याच आकड्यांत बघ.

तू लिहिलंयस की साखर-तेलात फारसं काही सुटत नाही, मसाले-सुक्यामेव्यात बरं सुटतं आणि सगळं मिळून शंभराच्या विक्रीत दहा रुपये राहतात. मग पाच टक्के सवलत म्हणजे विक्रीतले पाच नव्हेत, तुझ्या दहातले पाच. निम्मी कमाई गेली. तेवढेच पैसे पुन्हा गल्ल्यात पडायचे तर विक्री दुप्पट करावी लागेल. त्या गल्लीत दुप्पट माणसं आणणार कुठून? दोन टक्के दिलेस तरी विक्री सव्वापट व्हायला हवी. आणि ही सवलत मिळते कुणाला? जी बाई तुझ्या वडिलांकडून वीस वर्षं सामान नेते, तिलाही. ती येतच होती की रे! महिन्याभरात तो कमी दर हाच खरा दर ठरतो आणि पाटी काढलीस की "महाग केलं" म्हणतात. मुदत जवळ आलेला माल काढायला सरळ सवलत द्यावी, खुशाल द्यावी. गिऱ्हाईक बांधायला ती कामाची नाही.

पॉइंट कागदावर सगळ्यांत स्वस्त दिसतात, हे मान्य. शंभराला एक पॉइंट, एका पॉइंटचा एक रुपया, म्हणजे एकच टक्का. पण तुझ्या वहीतली अडीचशे घरं धर, प्रत्येकाची महिन्याची खरेदी चार हजार. महिन्याला घरटी चाळीस पॉइंट, दहा महिन्यांत चारशे. अडीचशे घरांचे झाले एक लाख. हे लाख रुपये तुझ्या डोक्यावरचं देणं आहे आणि लोक ते मागणार नेमके दिवाळीत, जेव्हा तुला रवा, मैदा, डाळ भरायला रोकड हवी असते. मालाच्या रूपात फेडलंस तरी नव्वद हजारांचा माल निघून जाईल. शिवाय संध्याकाळी काउंटरवर गर्दी असताना प्रत्येकाचा मोबाईल नंबर विचारत बसणार? चाळीस पॉइंट साठल्याचं कुणाच्या लक्षातही राहत नाही. जे लक्षात राहत नाही, ते माणसाला परत आणत नाही.

म्हणून शिक्का. पण तू वहीत लिहिलायस तसा नव्हे. "दर तीनशेला एक शिक्का" ठेवलास तर महिन्याची यादी घेऊन येणारं घर एका फेरीत कार्ड भरतं, बक्षीस नेतं आणि पुढच्या महिन्यात मोठ्या मॉलमध्ये जातं. तू पुन्हा खरेदीलाच बक्षीस दिलंस! नियम असा कर: किमान तीनशेची खरेदी आणि एका दिवसात एकच शिक्का, बिल तीनशेचं असो की तीन हजारांचं. मोठी यादी देणारे कुरकुरतील. त्यांना सामान घरपोच दे, त्यांना तेच हवं असतं.

आता हिशेब. आठ शिक्क्यांना एक बक्षीस धर. आठ शिक्के म्हणजे कमीत कमी चोवीसशेची विक्री, त्यात तुझे सुटले दोनशे चाळीस. बक्षीस म्हणून राजापुरी हळदीचं पाकीट दे, तुझ्या वहीप्रमाणे तुला चाळीसला पडणारं आणि साठला विकलं जाणारं. गिऱ्हाइकाच्या हातात साठाची वस्तू गेली, तुझे गेले चाळीस. पाच टक्के सवलतीत याच विक्रीवर एकशेवीस गेले असते. आणि अर्धवट राहिलेल्या कार्डाचा तुला काहीच खर्च नाही. बक्षीस वस्तूचंच दे, रोख कधी देऊ नकोस. सांगलीच्या बाईला हळदीची पारख असते, तेव्हा पाकीट चांगल्या मालाचंच असू दे.

कार्डावर शिक्क्यांची आठ घरं छापू नकोस, दहा छाप आणि पहिली दोन शिक्के मारूनच दे. नून्स आणि ड्रेझ या दोन संशोधकांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, गाड्या धुणाऱ्या दुकानातला. तीनशे कार्डं वाटली. निम्म्यांवर आठ रिकामी घरं, निम्म्यांवर दहा घरं पण दोन आधीच भरलेली. काम दोघांनाही आठच फेऱ्यांचं. रिकाम्या कार्डांपैकी १९ टक्के पूर्ण झाली, दोन शिक्केवाली ३४ टक्के. सुरुवात झालेली दिसली की माणूस तड लावतो.

शिक्क्याशेजारी पेनानं तारीख आणि सही करायची, हे विसरलास तर मी रागावेन. तुझ्यासारखा शिक्का कुणीही बनवून आणील, पण मला ती तारीख चोरीपेक्षा दुसऱ्याच कारणासाठी हवी आहे. भरलेलं कार्ड परत घे आणि दोन तारखांमधलं अंतर वाच. आधी दहा-बारा दिवसांनी येणारी बाई शेवटच्या शिक्क्यांना पाच-सहा दिवसांवर आली, तर कार्ड काम करतंय. पण बक्षीस नेल्यावर दुसऱ्या कार्डावरही ते अंतर टिकलं पाहिजे. पुन्हा बारावर गेलं, तर तिनं फक्त हळद नेली. आणि परत आलेली सगळी कार्डं रोज येणाऱ्यांचीच असतील, तर तू सवलतीचीच पाटी लावलीस, फक्त पुठ्ठ्यावर. म्हणून कार्ड आधी एकाच गल्लीत वाट, शेजारच्या गल्लीत देऊ नकोस. दोन्हीकडची तीस-तीस घरं लिहून घे आणि कार्ड देण्याआधीच्या दोन महिन्यांत कोण किती वेळा आलं, ते बिलबुकातून काढ. तेवढा कंटाळा करायचा नाही. त्याशिवाय चार महिन्यांनी तू मला फक्त "चांगलं चाललंय" एवढंच सांगशील.

उधारीचं तू एका ओळीत उरकलंस, त्याचं वाईट वाटलं. वडिलांची उधारीची वही हीच त्या दुकानाची जुनी योजना आहे. माणूस तिच्यामुळं परत येतो, पण बाकी चढली की तिच्यामुळंच तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीनं जातो. अशी चांगली घरं मी तुटताना पाहिली आणि वेळेवर त्यांच्या दारात गेलो नाही, ही सल अजून आहे. म्हणून उधारीच्या मालावर लगेच शिक्का नको, खातं चुकतं करायला येईल त्या दिवशी एक शिक्का दे. पैसे द्यायला येणं हेही परत येणंच आहे, आणि त्यालाच बक्षीस हवं.

वगळायचं ते एवढंच: साखरेचं पोतं आणि तेलाचा पंधरा किलोचा डबा. आचारी नि हॉटेलवाले दरावर येतात, कार्डावर नाही. बाकी मालाला अटी घालू नकोस. काउंटरवर बाईला "यावर नाही, त्यावर आहे" सांगत बसलास तर ती कार्ड तिथंच ठेवून जाईल.

कार्डाची मुदत मात्र मोठ्या अक्षरांत छाप आणि ती भाऊबीजेच्या पुढं नेऊ नकोस, नाहीतर त्या पॉइंटांसारखंच हेही देणं साठत राहील. छापायला देण्याआधी मजकूर वडिलांना दाखव. "आपल्या लोकांना कार्ड कशाला?" असं ते म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण हल्ली कोणकोणती घरं येईनाशी झाली ती नावं त्यांच्याकडून लिहून घे. पहिली कार्डं त्याच घरी जाऊन द्यायची आहेत.

तुझा,
काका