कमोडमधली पांढरी कडी आणि नारिंगी ओघळ

प्रश्न: बोअरच्या पाण्याने कमोडमध्ये पांढरट कडी आणि गंजाचे नारिंगी ओघळ पडलेत. ब्लीच टाकूनही जात नाहीत. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर मिसळू का?

उत्तर: कृपा करून मिसळू नका. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ब्लीचला किंवा ब्लीचिंग पावडरला लागलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात तो काही क्षणांत छातीत भरतो. डोळे चुरचुरले, खोकला आला, तर सगळं तसंच टाकून बाहेर पडा. धाप लागली तर थेट दवाखाना गाठा.

तसंही ब्लीच इथे उपयोगाचं नाही. क्षार त्याने विरघळत नाहीत आणि गंज उलट पक्का बसतो. दोन्हींना आम्लच हवं. आधी दोन-तीनदा फ्लश करून ब्लीच पूर्ण घालवा. साचलेलं पाणी ब्रशने आत ढकला, म्हणजे कडी उघडी पडेल. किराणा दुकानातलं लिंबूसत्व, साधारण १०० ग्रॅम, अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवा. उकळतं पाणी नको, कमोडचं भांडं तडकू शकतं. त्यात टिश्यू पेपर भिजवून डागांवर चिकटवा, दोन तासांनी कागद काढून घासा. जुना थर असेल तर पुन्हा एकदा करावं लागेल.

ओघळ एकाच जागी परत येत असतील तर फ्लशची टाकी गळतेय, आधी तिचा वॉशर बदला.