स्लॅबमधली भांडी आणि न वाचणारे पाच लाख

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. बार्शीजवळ 1000 चौरस फुटांचं घर बांधतोय, अंदाज 22 लाख. बँकेने 18 लाख मंजूर केले होते, 4 लाख आमचे. मातीची भांडी घालून फिलर स्लॅब टाकला तर 30 टक्के खर्च वाचतो आणि घर थंड राहतं असं एका व्हिडिओत पाहिलं, म्हणून व्याज वाचवायला कर्ज 13 लाखांवर आणलं. त्याच बचतीच्या भरवशावर बँकेतल्या मॅडमनी सुचवलेली पॉलिसीही तीन आठवड्यांपूर्वी घेतली : वर्षाला 1 लाख, 10 वर्षं भरायचे, 20 वर्षांनी 20 लाख नक्की. कुंभार भांडं 30 रुपयांना देतोय. पाच-सहा वर्षांनी वर मजला चढवायचा आहे. भांडी घ्यावीत की पोकळ ठोकळे? स्वस्त काय पडेल?

उत्तर : ताई, आधी पॉलिसीचं पाकीट शोधा. ती हातात कधी आली ती तारीख बघा आणि मग पुढचं वाचा. ई-मेलवर आली असेल तर ई-मेलची तारीख. कारण पुढे सांगतो.

व्हिडिओतले 30 टक्के कशाचे, हे त्यात सांगितलं होतं का? घराचे तर नाहीतच, अख्ख्या स्लॅबचेही नाहीत. फार तर स्लॅबच्या ज्या भागात भराव घातलाय, तिथल्या काँक्रीटचे. तुमचा स्लॅब 5 इंची धरला तर त्यात साडेअकरा घनमीटरच्या आसपास काँक्रीट जाईल. 6,500 रुपयांनी ते 75 हजारांचं. सळई साधारण 900 किलो, म्हणजे 60 हजार. सेंट्रिंग आणि मजुरी मिळून आणखी 65 हजार. अख्खा स्लॅब झाला 2 लाखांचा. तो फुकट टाकून मिळाला तरी 22 लाखांत 2 लाख वाचतील, आणि तुम्ही 5 लाख वाचले असं धरून कर्ज कमी करून बसलात.

आता भांड्यांचा हिशेब. स्लॅब वाकतो तेव्हा वरचं काँक्रीट दाबलं जातं आणि खालचं ताणलं जातं. ताण काँक्रीटला झेपत नाही, तो सळई घेते. खालचं काँक्रीट मुख्यतः सळईला धरून ठेवण्यापुरतं असतं, म्हणून सळयांच्या चौकटीमधली तिथली थोडी जागा हलक्या वस्तूने भरता येते. हे शास्त्र पक्कं आहे. केरळात लॉरी बेकर यांनी ते शेकडो घरांत वापरलं. पण त्यांनी प्रामुख्याने मंगलोरी कौलं घातली, तीही बहुतेक जुनी किंवा टाकाऊ. जवळजवळ फुकटचा माल काँक्रीटच्या जागी गेला की बचत होणारच. तुम्ही नवी भांडी विकत घेणार आहात.

12 इंच तोंडाचं, 3 इंच उंच भांडं उपडं घातलं तर साधारण 4 लिटर काँक्रीटची जागा घेतं. दीड-दीड फुटाच्या चौकटीत एकेक ठेवायचं. भिंती आणि बीमच्या कडेचा फूट-दीड फुटाचा पट्टा भरीवच ठेवावा लागतो. तो वगळला तर तुमच्या स्लॅबमध्ये 350 भांडी मावतील. 350 गुणिले 4 लिटर म्हणजे 1.4 घनमीटर. काँक्रीट वाचलं 12 टक्के, पैसे वाचले 9 हजार. फुटतूट धरून 385 भांडी घ्याल, त्यांचे साडेअकरा हजार. म्हणजे काँक्रीट वाचवायला काँक्रीटपेक्षा महाग माती! गोल भांडं चौकोनात ठेवलं की चारही कोपरे काँक्रीटनेच भरतात, हे व्हिडिओवाला सांगत नाही.

वजन घटल्यामुळे सळई थोडी कमी लागते, 6 हजारांची धरा. पण ती किती कमी करायची हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने हिशेब करून ठरवायचं, गवंड्याने नाही, आणि इंजिनिअरची फी 6 हजारांहून जास्तच असेल. खरी बचत दुसरीकडे आहे. खालून छत तसंच उघडं ठेवलं, तर गिलावा आणि रंग वाचतो. तो 25-30 हजारांचा. भांड्यांची वर्तुळं दिसतात, छानही दिसतात. मात्र त्यासाठी सेंट्रिंगला चांगलं प्लायवुड लागतं, त्याचं भाडं वेगळं. सगळं मिळून 15-20 हजार हातात राहिले तर चांगलं झालं म्हणा.

पोकळ ठोकळे चौकोनी असल्याने कोपरे वाया जात नाहीत. पण बाजारात सहज मिळणारा ठोकळा 4 इंच उंच असतो. तो घातला की वर किमान 2 इंच काँक्रीट हवं, म्हणून स्लॅब 5 ऐवजी 6 इंची होतो. आधी काँक्रीट वाढवायचं आणि मग ठोकळ्यांनी कमी करायचं. माझ्या हिशेबाने शेवटी 15 टक्के वाचतं. त्यातून ठोकळ्यांची किंमत आणि बार्शीपर्यंतचं ट्रकभाडं वजा करा. स्वस्त काय या प्रश्नाचं उत्तर असं : दोन्हींत फरक काही हजारांचा, आणि तो तुमच्या पाच लाखांच्या आसपासही फिरकत नाही.

थंडाव्याबद्दलही अपेक्षा जरा खाली आणा. भांड्यातली हवा उष्णता अडवते हे खरं. पण 350 भांड्यांनी छताचा किती भाग झाकला? 93 चौरस मीटरपैकी 25. बाकीच्या पाऊण छतातून ऊन पूर्वीसारखंच खाली उतरणार. मे महिन्यात फरक जाणवेल, पण एसी नको म्हणण्याइतका नाही. त्यापेक्षा गच्चीला दर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात मारा, काही हजारांत ऊन वरच्या वर परतवता येतं. शिवाय तुम्ही वर मजला चढवणार आहात! तो चढला की हा स्लॅब छत राहत नाही, मधला मजला होतो. ऊन वरचा स्लॅब खाईल. पाच-सहा उन्हाळ्यांपुरत्या थंडाव्याची ही गोष्ट आहे.

आता तुम्ही न विचारलेलं. गृहकर्ज मंजूर झालं म्हणून व्याज लागत नाही, जेवढं उचलाल तेवढ्यावरच लागतं. 18 लाख मंजूर ठेवून 13 लाखच उचलले असते, तरी व्याज 13 लाखांचंच लागलं असतं. मंजुरी कमी करून तुम्ही एक रुपयाही वाचवला नाहीत, अडीअडचणीचा हात मात्र कापून टाकलात. आज तुमच्याकडे 13 लाख कर्ज आणि पॉलिसीचा हप्ता गेल्यावर उरलेले 3 लाख, एकूण 16. घर 22 चं. उरलेले 6 लाख स्लॅब पडल्यानंतर, गिलावा आणि फरशीच्या वेळी लागतील. तेव्हा घाईत मिळतं ते पर्सनल लोन, 14 टक्क्यांनी. या आठवड्यात बँकेत जा आणि मंजुरी पुन्हा 18 लाखांवर नेण्याचा अर्ज द्या. पुन्हा कागद मागतील, द्या. पुढच्या टप्प्याचे पैसे उचलण्याआधी हे उरका.

आणि ती पॉलिसी. 10 वर्षांत 10 लाख भरून 20 व्या वर्षी 20 लाख. तुमचा एकेक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं तिथे अडकतो आणि दुप्पट होतो. 72 ला साडेपंधराने भागा : परतावा पावणेपाच टक्क्यांच्या आत. गृहकर्ज साडेआठच्या आसपास. साडेआठने घ्यायचे आणि पावणेपाचने ठेवायचे, याला 'गॅरंटी' म्हणून विकलं गेलं. गॅरंटी आहेच, तोट्याची. बँकेचं कमिशन मात्र पहिल्याच हप्त्यातून निघालं असणार. पॉलिसीचे वर्षाला 1 लाख म्हणजे महिन्याला 8,300. सोडून दिलेल्या 5 लाखांचा 20 वर्षांचा हप्ता सुमारे 4,350. पॉलिसी बंद केलीत तर ते 5 लाख परत घेऊनही महिन्याला 4 हजार उरतात. त्यातल्या थोड्या पैशांत दोघांच्या नावावर साधा टर्म विमा घ्या, कर्जाएवढा तरी.

पाकीट यासाठीच शोधायला सांगितलं. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि झालेल्या दिवसांचा विमाखर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. अर्ज विमा कंपनीला लेखी द्या आणि पोच घ्या. मॅडमना फोन करत बसू नका, त्या "पुढच्या सोमवारी बघू" म्हणतील आणि तोच एकतिसावा दिवस असेल.

हे सगळं करूनही फिलर स्लॅब हवाच वाटत असेल, तर हौस म्हणून जरूर टाका. इंजिनिअरला वरच्या मजल्याचं आधीच सांगा, म्हणजे पुढच्या भिंतींखाली बीम येतील, भांडी नाहीत. बाल्कनीत भांडी नकोत. तिथे ताण वरच्या बाजूला येतो आणि दाब खाली, सगळं गणित उलटं. पंख्याचे हूक आणि विजेचे पाइप भांड्यांच्या मधल्या भरीव पट्टीतूनच न्या. माझ्या एका ओळखीच्यांकडे काँक्रीट ओतताना कामगाराने व्हायब्रेटरची सुई भांड्यांवरच टेकवली. सेंट्रिंग काढल्यावर छताकडे पाहिलं तर पाच-सहा वर्तुळांत काँक्रीट उतरलेलं, आणि शेजारच्या पट्टीत सळई उघडी पडलेली. भांड्यांवरून चालायला फळ्या टाकल्या नव्हत्या, भांडी भिजवलीही नव्हती. कोरडी माती काँक्रीटमधलं पाणी ओढून घेते आणि नेमकं सळईजवळचं काँक्रीट भुसभुशीत राहतं. दुरुस्तीला 40 हजार गेले, वाचले होते त्याच्या दुप्पट.

म्हणून कुंभाराला 385 ची ऑर्डर लगेच देऊ नका. पाच भांडी आणा, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी एकेक फळीवर उपडं ठेवून त्यावर सावकाश उभ्या राहा. पाचांतली दोन फुटली, तर कुंभाराला भाजणी वाढवायला सांगा.