ब्रिजचा एकच हात बदलला तर गॅल्व्हनोमीटरचा करंट किती बदलेल?

प्रश्न: व्हीटस्टन ब्रिजमधला एक रेझिस्टर थोडा बदलला की मी तिन्ही लूपची समीकरणं पुन्हा पहिल्यापासून मांडतो. मला फक्त गॅल्व्हनोमीटरच्या करंटमधला फरक हवा असतो. यापेक्षा छोटा रस्ता आहे का?

उत्तर: आहे, आणि तो अंदाजाचा नाही, अगदी काटेकोर आहे. त्याला कॉम्पेन्सेशन थिअरम म्हणतात. डिप्लोमाच्या पुस्तकात तो थेव्हेनिन आणि सुपरपोझिशनच्या मागे कुठेतरी अर्ध्या पानात उरकलेला असतो, म्हणून बहुतेकांना विधान पाठ असतं पण वापर येत नाही. मी नेटवर्क शिकवताना तो विधानापासून सुरू करतच नाही, एका वजाबाकीपासून सुरू करतो.

समजा एका शाखेत R आहे आणि तिच्यातून I करंट जातोय. म्हणजे तिच्यावरचं व्होल्टेज V = I·R. आता R चा R+ΔR झाला, करंट I+ΔI झाला, व्होल्टेज V+ΔV झालं. नव्या समीकरणातून जुनं वजा केलं की उरतं ते असं:

```
ΔV = (R + ΔR)·ΔI + I·ΔR
```

या ओळीकडे नीट बघा. ही एका शाखेचीच ओळ आहे: R+ΔR एवढा रोध, आणि त्याच्या सिरीजमध्ये I·ΔR एवढ्या व्होल्टेजचा सोर्स. बाकीच्या ज्या रेझिस्टरांना हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी वजाबाकीतून नुसतं ΔV = R·ΔI उरतं. बॅटरीचं व्होल्टेज बदललेलंच नाही, तेव्हा तिचा ΔV शून्य, म्हणजे तिच्या जागी शॉर्ट. करंट सोर्स असेल तर त्याचा ΔI शून्य, म्हणजे तिथे ओपन. किरचॉफचे दोन्ही नियम आधीच्या आणि नंतरच्या करंटांना लागू आहेत, तेव्हा त्यांच्या फरकांनाही लागू आहेत. थोडक्यात, फरकांचं स्वतःचं एक वेगळं सर्किट तयार होतं आणि त्यात सोर्स एकच असतो: I·ΔR. त्याचं प्लस टोक जुना करंट जिथून त्या शाखेत शिरत होता तिकडे, म्हणजे R वाढला असेल तर सोर्स जुन्या करंटला विरोध करतो.

आता तुमचाच ब्रिज घेऊ. चारही हात 100 ओहमचे, गॅल्व्हनोमीटर 100 ओहमचा, बॅटरी 2 व्होल्टची आणि तिचा अंतर्गत रोध शून्य धरू. गॅल्व्हनोमीटरच्या दोन टोकांना A आणि B म्हणू. ब्रिज बॅलन्स आहे, त्यामुळे प्रत्येक हातातून 10 मिलिअँपिअर जातो आणि गॅल्व्हनोमीटरमधून काहीच नाही. बॅटरीच्या प्लसपासून A बिंदूपर्यंतचा हात डिकेड बॉक्सवर 110 ओहम केला. सोर्स किती? 10 मिलिअँपिअर गुणिले 10 ओहम, म्हणजे 100 मिलिव्होल्ट.

बॅटरी शॉर्ट केली की तिची दोन्ही टोकं एकच बिंदू होतात आणि ब्रिजचा गुंता सुटतो. A पासून त्या बिंदूकडे, बदललेला हात सोडून, दोनच वाटा राहतात. एक खालचा 100 ओहमचा हात. दुसरी गॅल्व्हनोमीटरचे 100 आणि पलीकडचे दोन हात पॅरलल होऊन 50, मिळून 150 ओहम. 100 आणि 150 पॅरलल म्हणजे 60. तेव्हा 100 मिलिव्होल्टचा सोर्स 110 + 60 = 170 ओहममधून 0.588 मिलिअँपिअर ढकलतो, आणि त्यातला 100/250, म्हणजे 0.4 भाग गॅल्व्हनोमीटरमधून जातो: 0.235 मिलिअँपिअर, B कडून A कडे. एवढंच गणित. थेव्हेनिनने पडताळायचं असेल तर उघड्या टोकांवर 47.62 मिलिव्होल्ट आणि एकूण 202.38 ओहम येतात, भागाकार तोच 0.235.

खरा फायदा पुढे आहे. 60 ओहम आणि 0.4 हे दोन आकडे बदललेल्या हातावर अवलंबूनच नाहीत. ते एकदा काढले की ΔR कितीही असो, एकच ओळ पुरते:

```
Ig = 0.4 × 10 mA × ΔR / (160 + ΔR)
```

ही ओळ बरोबर आहे का, हे तपासायला मी नेहमी दोन टोकं बघायला सांगतो. हात पूर्ण तुटला, ΔR अनंत, तर 4 मिलिअँपिअर येतात. सरळ सर्किटमध्येही B कडचं 1 व्होल्ट 250 ओहममधून 4 मिलिअँपिअरच देतं. हात शॉर्ट झाला, ΔR = −100, तर 6.67 मिलिअँपिअर उलट दिशेने, आणि तिकडेही 1 व्होल्ट भागिले 150 ओहम तेवढंच सांगतं. दोन्ही टोकं जुळली की मधली किंमत बहुधा चुकत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती फरकाच्या सर्किटमध्ये जुनाच R ठेवण्यात. वरच्या उदाहरणात 110 ऐवजी 100 ठेवलात तर 0.25 मिलिअँपिअर येईल, सव्वासहा टक्के जास्त. तो फरक ΔR·ΔI या पदाचा आहे, जे वजाबाकीत खरोखर उरतं. ΔR अगदी लहान असेल तर मात्र जुना R चालतो. त्याच हातात Pt100 सेन्सर लावलात आणि तापमान 0 वरून 1 अंश सेल्सिअस झालं, तर ΔR साधारण 0.39 ओहम आणि चूक पाव टक्क्याच्या आसपास. (Pt100 साठी 10 मिलिअँपिअर खूप झाले, सेन्सर स्वतःच तापतो. बॅटरी 0.2 व्होल्ट करा, हातातून 1 मिलिअँपिअर जाईल. गॅल्व्हनोमीटरचा आकडाही त्याच प्रमाणात एक दशांश होईल, वरच्या ओळीत फक्त 10 mA च्या जागी 1 mA घाला.)

दुसरी चूक बॅलन्स ब्रिजमुळेच लपून राहते. या पद्धतीने येतो तो करंट नव्हे, करंटमधला फरक. इथे आधीचा शून्य होता म्हणून दोन्ही सारखे दिसले. ब्रिज आधीच बिघडलेला असेल तर आधीचा करंट दिशेसकट त्यात मिळवायचा. आणि बॅटरीला अंतर्गत रोध असेल तर शॉर्ट फक्त तिच्या व्होल्टेजचा करायचा, रोध जागेवर ठेवायचा. मग ती दोन टोकं एक होत नाहीत आणि 60 हा आकडा इतका सहज निघत नाही, पण तो तरीही एकदाच काढावा लागतो. सर्किटमध्ये डिपेंडंट सोर्स असतील तर ते बंद करू नका, ते आता फरकांवर चालतात. डायोड असेल तर ही वजाबाकीच मोडते, कारण तिथे V आणि I चं नातं सरळ रेषेचं नसतं.

दोन हात एकाच वेळी बदलले तर दोन्हींचे फरक वेगवेगळे काढून बेरीज करू नका, ती चुकेल. आधी एक बदला, दुसऱ्या हातातला नवा करंट काढा, आणि दुसऱ्याचा I·ΔR त्या नव्या करंटाने करा. पहिला हात त्या वेळी त्याच्या नव्या किमतीवर असला पाहिजे, म्हणजे 60 आणि 0.4 हे आकडेही नव्याने काढावे लागतात.