ट्रेंडचे टॅग आणि फवारणीचा पंप

प्रश्न : माझं छोटं यूट्यूब चॅनल आहे. टॅगच्या चौकटीत चालू ट्रेंडचे शब्द भरले की व्हिडिओ वर येतो, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

नाही. टॅगचा व्हिडिओ सापडण्यात अगदी थोडा वाटा असतो, हे यूट्यूबच्या मदत-पानावरच लिहिलंय. लोक ज्या शब्दाचं स्पेलिंग हमखास चुकवतात, तिथे त्यांचा उपयोग. हॅशटॅग वेगळे. ते शीर्षकात किंवा डिस्क्रिप्शनमध्ये टाकतात आणि प्रेक्षकाला दिसतात. साठाच्या वर गेले तर यूट्यूब सगळ्यांकडेच काणाडोळा करतं. व्हिडिओशी संबंध नसलेले हॅशटॅग लावणं किंवा डिस्क्रिप्शनमध्ये टॅगची रास ओतणं हे नियमाविरुद्ध आहे, व्हिडिओ उडू शकतो.

प्रश्न : पण एखाद्या वेळी ट्रेंडचा टॅग लावला, चार जास्त व्ह्यूज मिळाले, तर बिघडलं काय? आमच्यासारख्या लहान माणसांना कोण विचारतं?

यावर एक गोष्टच सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात फवारणीचे बॅटरी पंप दुरुस्त करणारा एक जण आहे. त्याच्या व्हिडिओत चेहरा नाही, संगीत नाही. स्टुलावर मोबाइल टेकवलेला, समोर उघडा पंप आणि काळवंडलेली बोटं. ‘मोटर फिरते पण प्रेशर येत नाही’ असा त्याचा चार मिनिटांचा एक व्हिडिओ होता. त्याखाली मोजक्याच कमेंट, पण ‘दादा, टाकीतली गाळणीच तुंबली होती, नवीन मोटर घ्यायला निघालो होतो’ अशा.

२०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि जो तो हप्त्याची बातमी शोधायला लागला. भाच्याने सुचवलं, याने ऐकलं. पुढच्या पंपाच्या व्हिडिओच्या शीर्षकाला ‘लाडकी बहीण हप्ता’ चिकटवलं, डिस्क्रिप्शनमध्ये क्रिकेटपासून कर्जमाफीपर्यंतचे हॅशटॅग. व्ह्यूज खरोखर उसळले. त्या रात्री मामा-भाचे खूश.

दुसऱ्या दिवशी यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक किती वेळ थांबले त्याचा आलेख उघडला, तर रेघ सुरुवातीच्या काही सेकंदांतच खाली कोसळलेली. येणारा हप्त्यासाठी येत होता, पंपातला डायफ्राम नावाचा रबरी पडदा बघून परत जात होता. हिशेब साधा आहे. समजा हजार जण आले आणि सरासरी १५ सेकंद थांबले, तर एकूण पाहिलं गेलं ४ तास १० मिनिटं. त्याच व्हिडिओला पंप बिघडलेले शंभरच जण आले आणि तीन-तीन मिनिटं थांबले, तर ५ तास. जाहिरातीच्या कमाईसाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास लागतात ना? मग यातली कोणती गर्दी कामाची, ते तुम्हीच बघा.

त्याला झोंबलं ते मात्र कमेंटमध्ये. ‘दादा माझा फॉर्म मंजूर झाला का?’ कुणी अर्ज क्रमांक टाकलेला, एका बाईंनी तर सरळ मोबाइल नंबर. शिव्या देणारे होतेच, पण या बायकांनी त्याला शिवी दिली नव्हती, त्याच्यावर भरवसा ठेवला होता. आणि त्याच ओळीत त्याचा एक जुना प्रेक्षक : ‘पंपाचं बंद केलं काय? मग आम्ही पण बंद.’

पुढचा व्हिडिओ बॅटरीवर होता, चांगला होता. हंगाम संपल्यावर बॅटरी उतरलेलीच ठेवून दिली की पुढच्या वर्षी ती चार्ज का धरत नाही, ते त्याने नीट दाखवलं होतं. पण जुने लोक नोटिफिकेशन उघडेनात. हप्त्याच्या आशेने सबस्क्राइब केलेल्यांना थंबनेल दिसत होतं, त्यांना पंपाशी देणंघेणं नव्हतं. वाईट व्हिडिओची शिक्षा चांगल्या व्हिडिओला झाली, आणि ती यूट्यूबने केली नव्हती.

प्रश्न : माझ्याकडूनही हेच झालंय. आता ते व्हिडिओ डिलीट करू का?

आतला मजकूर खरा असेल तर डिलीट करू नका. डिलीट केलं की त्याचे दुवे आणि कामाच्या कमेंटही जातात. शीर्षक, डिस्क्रिप्शन, हॅशटॅग, थंबनेल हे सगळं नंतरही बदलता येतं.

पंपवाल्याने आधी लोकांचे फोन नंबर आणि अर्ज क्रमांक असलेल्या कमेंट काढल्या. ते पहिलं काम, बाकी सगळं त्यानंतर. मग शीर्षक सरळ केलं आणि वर एक कमेंट पिन केली : ‘या व्हिडिओत योजनेची माहिती नाही. शीर्षकात ते नाव मी लावलं होतं, काढलंय. अर्जाचं अंगणवाडीत विचारा.’ माफीचा वेगळा व्हिडिओ काढला नाही, हे मला आवडलं. रडक्या माफीचे व्हिडिओ हासुद्धा एक ट्रेंडच आहे.

व्ह्यूज आधी घटतील, ते धरूनच चाला. आकडा बघायचाच तर पहिल्या ३० सेकंदांनंतर किती जण उरतात तो बघा. व्ह्यूज कमी होऊन तो वाढत असेल, तर योग्य माणसं परत यायला लागली आहेत. पंपवाल्याचे जुने लोक परतायला पुढचा फवारणीचा हंगाम यावा लागला, आणि काही आलेच नाहीत.

प्रश्न : प्रामाणिक डिस्क्रिप्शन म्हणजे नेमकं काय लिहायचं? मला तर दोन ओळींच्या पुढे सुचत नाही.

दोन ओळी पुष्कळ झाल्या, कारण ‘आणखी’वर बोट ठेवण्याआधी तेवढंच दिसतं. बिघाड काय, कोणत्या वस्तूचा आणि या व्हिडिओत काय नाही, एवढं त्यात बसवा. शब्द स्वतःचे शोधू नका. स्टुडिओत ट्रॅफिकच्या स्रोतांमध्ये ‘यूट्यूब सर्च’ उघडलं की लोक काय टाइप करून आले ते दिसतं. पंपवाला ‘दाब कमी मिळणे’ लिहायचा, लोक शोधत होते ‘पंप प्रेशर मारत नाही’. आता तो तसंच लिहितो :

```
१२ व्होल्टचा बॅटरी पंप : मोटर फिरते, प्रेशर मारत नाही.
हाताने मारायच्या पंपाचं यात नाही. मोटर जळाली असेल तरी उपयोग नाही.

00:00 आधी गाळणी बघा
00:50 पाइपातून हवा घेतोय का
02:05 डायफ्राम फाटलाय का
```

खालच्या वेळांमुळे व्हिडिओचे भाग पडतात. पहिली वेळ 00:00 हवी, अशा निदान तीन वेळा लिहिलेल्या हव्यात, त्याही चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा. ज्याची गाळणी स्वच्छ आहे तो थेट डायफ्रामवर उडी मारतो. त्याने पाहिलेला वेळ कमी भरतो, भरू द्या. ‘मोटर जळाली असेल तर उपयोग नाही’ या ओळीवर भाचा अजून कुरकुरतो, गिऱ्हाईक आपणच घालवतो म्हणून. पण ती वाचून परत गेलेला माणूस चार मिनिटं बघून चिडलेला नसतो.

प्रश्न : मी पाककृतींचे व्हिडिओ करते. आषाढीच्या आठवड्यात उपवासाच्या पदार्थाला #आषाढी लावणं हीसुद्धा फसवणूकच का?

मुळीच नाही, ताई. पदार्थ उपवासाचा आहे, दिवस उपवासाचा आहे, बिनधास्त लावा. फक्त तोच टॅग गेल्या महिन्यातल्या चिकन रश्शाखाली राहिलेला नाही ना, ते बघा. डिस्क्रिप्शनचा साचा करून ठेवलेल्यांचं असं हमखास होतं.