वाक्य ‘पण’च्या आधी थांबवा

“मॅडम, मुलगी चोवीस वर्षांची आहे. डॉक्टरांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर सांगितलंय. एवढ्याशा गोष्टीवरून भडकते, मग रात्ररात्र सावरत नाही. मुद्दाम करते का हो? आम्ही वागायचं तरी कसं?”

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसलेल्या या आईंना मी म्हटलं, “एकच संध्याकाळ सांगा, घड्याळासकट.” (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगी ऐरोलीला नोकरीला. त्या दिवशी पावसाने गाड्या खोळंबल्या आणि ती भिजून साडेआठला घरी पोचली. बाबांना डायबिटीस, त्यामुळे ते आठलाच जेवतात. ताटं दिसताच ती दारातूनच म्हणाली, “माझ्यासाठी थांबावंसंही वाटलं नाही ना?” बाबा म्हणाले, “अगं, गोळी घ्यायची होती. एवढं काय त्यात?” पर्स भिंतीवर आदळली, खोलीचं दार आपटलं. आई दाराबाहेरून कारणं सांगत राहिल्या आणि आतला आवाज चढत गेला. साडेदहाला बाबा झोपायला गेले, तेही तिला लागलं. रात्री एकला ती स्वयंपाकघरात आली, आईच्या कुशीत शिरली आणि म्हणाली, “मी अशी का आहे गं?”

मुद्दाम करणारं माणूस रात्री एकला हा प्रश्न विचारत नाही.

या त्रासावरची डीबीटी ही उपचारपद्धती उभी करणाऱ्या मार्शा लिनहान यांनी तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. अशा माणसाला भावनेची धग लवकर लागते, भडका मोठा होतो आणि विझायला वेळ लागतो. घरच्यांच्या नजरेतून सुटते ती तिसरी. बाबांचा राग दहा मिनिटांत निवला, म्हणून त्यांना वाटलं विषय संपला. मुलीच्या शरीरात मात्र तो चालूच होता आणि त्यातच आधीच्या वादातल्या शब्दांची भर पडत होती. त्या अवस्थेत गोळीची वेळ कितीही खरी असली तरी डोक्यात शिरत नाही. ‘एवढं काय त्यात’ याचा तिला ऐकू येणारा अर्थ एकच, तुझं दुखणं खोटं आहे. मग ते खरं आहे हे पटवायला आवाज आणखी चढतो. हा जन्मजात हळवेपणा आणि भोवतालची माणसं यांचा गुंता आहे. यात आईबापांवर खापर फोडण्यासारखं काही नाही आणि मुलीवरही नाही.

मी आईंना सांगितलं, आधी भावना मान्य करा, आरोप मान्य करायची गरज नाही. पुढच्या आठवड्यात त्या हिरमुसून आल्या. “म्हटलं मी, तुला वाईट वाटलं ते कळतं गं, पण बाबांचाही विचार कर. ती आणखीच चिडली!” गडबड ‘पण’ने केली होती. त्याच्या आधीचं सगळं तो पुसून टाकतो. मग आम्ही दोघींनी तिथेच बसून सराव केला. “दमून आलीस आणि आम्ही जेवताना दिसलो. एकटं पाडल्यासारखं वाटलं असेल. मी बाहेरच बसलेय.” आणि गप्प. ही गप्प राहण्याची पाच मिनिटं आईंना सर्वांत जड गेली.

पुढच्या खेपेला मुलगी चाळीसेक मिनिटं रडली. रडणं टळलं नाही, पण रात्रीचा एक वाजला नाही. ती निवलीय हे ओळखायचं कसं? श्वास लांब होतो, ‘तुम्ही नेहमीच’, ‘कधीच’ हे शब्द थांबतात, पाणी मागते. बोलायचं ते त्यानंतर. बाबांनी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी शांतपणे सांगितलं, “राग येऊ दे, वस्तू फेकायच्या नाहीत.” भावना मान्य करणं म्हणजे सगळं चालवून घेणं नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

एक गोष्ट मात्र थांबून बघण्याची नाही. मरणाची भाषा किंवा हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या तर ‘लक्ष वेधतेय’ म्हणून सोडू नका. “जीव द्यावासा वाटतोय का?” असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. तिला एकटं ठेवू नका, डॉक्टरांना फोन करा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, आणि जीवाला धोका वाटला तर थेट हॉस्पिटल गाठा. या घरात बाबांच्या गोळ्या आणि इन्सुलिन आता कुलपात असतं.

या विकारावर खास अशी गोळी नाही. औषधं सोबतच्या नैराश्यासारख्या त्रासांसाठी दिली जातात, मुख्य काम थेरपीचं. मुलगी आठवड्यातून एकदा थेरपीला जाते आणि भावना सांभाळण्याची कौशल्यं शिकवणाऱ्या गटातही बसते. हे साधारण वर्षभर चालतं.

आता आठला ताटं वाढली की आई मेसेज करतात, “आम्ही बसतोय, तुझी भाजी झाकून ठेवलीय.” कधी उत्तर येतं, कधी नाही. परवा आलं, “कोणती?”