गरिबी बाळापर्यंत कशी पोचते?

प्रिय मित्रा,

तुझ्या बालमृत्यूवरच्या लेखाचा मसुदा नीट वाचला. आकडेमोड बरोबर आहे, पण शेवटचं एक वाक्य खोडून टाक: "आईचं शिक्षण, दोन बाळंतपणांतलं अंतर, शौचालय आणि स्वयंपाकाचं इंधन हिशेबात धरल्यावर संपत्तीचा परिणाम नगण्य उरतो, म्हणजे बालमृत्यूचं खरं कारण गरिबी नाही." असं वाक्य उद्या एखाद्या सरकारी अहवालात गेलं, तर नुकसान करेल.

आधी उतरंड बघ. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली घरं संपत्तीनुसार पाच गटांत विभागली, तेव्हा हजार जन्मांमागे पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं सर्वांत गरीब गटापासून वर जाताना अशी होती: १०१, ९०, ७२, ५१, ३४. म्हणजे एकीकडे गरीब, दुसरीकडे बाकी सगळे सुरक्षित, असं चित्र नाही. प्रत्येक पायरीवर मृत्यू कमी होतात. मधल्या गटातलं मूल उपाशी नसतं, तरी वरच्या गटातल्या मुलापेक्षा जास्त दगावतं. नुसत्या उपासमारीने ही उतरंड उलगडत नाही.

२०१९-२१ मध्ये तळाचा आकडा ५९ वर आला आणि वरचा २० वर. फरक ६७ वरून ३९ झाला, ही मोठी कमाई आहे. पण गुणोत्तर आधीही तिपटीच्या आसपास होतं आणि २०१९-२१ मध्येही तेवढंच राहिलं. तू फक्त गुणोत्तर दिलंस, त्यामुळे काहीच सुधारलं नाही असं वाटतं. फक्त फरक दिला असतास, तर प्रश्न सुटत आल्यासारखं वाटलं असतं. दोन्ही दे. आणि हेही लिही, की तळाचा गट २०१९-२१ मध्ये जिथे पोचला, त्याच्याही पुढे खालून चौथा गट २००५-०६ मध्येच पोचला होता.

आता त्या वाक्याकडे येतो. या सर्वेक्षणात उत्पन्न विचारत नाहीत. घराची जमीन, छप्पर, पाणी, शौचालय, इंधन, फ्रिज, दुचाकी अशा नोंदींवरून संपत्तीचा निर्देशांक काढतात. म्हणजे शौचालय आणि इंधन त्या निर्देशांकात आधीच बसलेले आहेत. तेच पुन्हा वेगळे घटक म्हणून घातलेस, तर संपत्तीकडे उरणार काय? दुसरं, हे घटक संपत्तीचे प्रतिस्पर्धी नाहीत. गरिबी बाळापर्यंत पोचते ती याच वाटांनी. वाटा रोखून धरल्यावर "गरिबी पोचत नाही" म्हणणं चूक आहे.

न्यूमोनियाचं उदाहरण घे. गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्यावर आठ महिन्यांचं बाळ खोकतंय. जन्मतःच वजन कमी, कारण आई स्वतः अशक्त. घरात एकच खोली, त्यात चूल. दिवस रोवणीचे, मजुरी बुडवता येत नाही, म्हणून बाळ सहा वर्षांच्या बहिणीजवळ. त्याचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त झाला, की तो न्यूमोनियाचा इशारा असतो, पण तो मोजणार कोण? छाती आत ओढली जायला लागली, की घरच्यांना कळतं. तेव्हा रात्र झालेली असते आणि नाल्याला पाणी असतं. यातली एकही गोष्ट एकटी "कारण" नाही. मृत्यूनंतर घरी जाऊन चौकशी करशील, तेव्हा आजाराच्या नावावर थांबू नकोस. पहिलं लक्षण कधी दिसलं, निर्णय कोणी घेतला, पैसे कुठून आणले, दवाखान्यात गेल्यावर औषध किती वेळाने मिळालं, हे क्रमाने विचार.

ही साखळी मधेच तोडता येते, हेही त्याच जिल्ह्यात दिसलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि सुईणींना श्वास मोजायला आणि कोट्रायमोक्सॅझोल हे प्रतिजैविक औषध द्यायला शिकवलं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्या गावांत मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्के कमी होते. त्यासाठी कुणाची मजुरी वाढवावी लागली नाही. मात्र उपचारामुळे आजारी मूल वाचतं; ते आजारी का पडलं, तो धूर, ते वजन, ती एक खोली तशीच राहते. म्हणून तुझ्या लेखात दोन प्रश्न वेगळे ठेव: गरीब मूल जास्त आजारी पडतं का, आणि आजारी पडल्यावर जास्त मरतं का?

पहिलं मॉडेल फक्त संपत्ती, मुलाचं लिंग आणि जन्मवर्ष घेऊन चालव. मग एकेक वाट घाल आणि दर वेळी संपत्तीचा परिणाम दाखवणारा गुणक किती खाली येतो ते लिही. निर्देशांकातून पाणी, शौचालय आणि इंधन काढून तो पुन्हा बांध. नवे तक्ते झाले की पाठव.

तुझा,
सर